तो तू गेल्यावर येतो

माझा नातू तेव्हा तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. दिवसा जिन्यावरून उड्या मारणारा आणि झुरळ हातात धरून आणणारा. पण रात्री झोपायच्या खोलीत त्याला पाय टाकवेना. भिंतीवर ‘मोठ्ठा’ आहे, तो हात हलवतो, असं म्हणायचा.

पहिल्या रात्री मुलाने शहाण्या बापासारखं केलं. मोबाईलचा टॉर्च घेतला, पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, पडदा सरकवला. ‘बघ, कुणी नाही!’ नातू झोपला. दुसऱ्या रात्री पलंग, कपाट, पडदा आणि बाथरूम. तिसऱ्या रात्री कपाटाचा वरचा कप्पाही. चौथ्या रात्री यादीत सात जागा होत्या, आणि पलंगाखाली तर दोनदा बघायचं होतं. सगळं बघून झाल्यावर मुलगा दिवा घालवायला वळला, तेव्हा नातू अगदी शांतपणे म्हणाला, ‘बाबा, तो तू गेल्यावर येतो.’

मी अठ्ठावीस वर्षं बालवाडी चालवली आहे. ‘रात्री घाबरतो हो’ हे वाक्य दर जूनमध्ये कुठली ना कुठली आई येऊन सांगायची, आणि मीही तेच सांगायची: खोली दाखवा, काही नाही हे त्याला कळू द्या. नातवाच्या त्या एका वाक्याने माझा सल्ला कुठे चुकत होता ते कळलं. खोली रिकामी आहे हे त्याला मान्यच होतं. त्याची अडचण पुढची होती. मोठं माणूस गेल्यावर खोली तशीच राहील याची हमी टॉर्च कशी देणार?

या वाक्यामागे काय असतं, ते इंग्लंडमधल्या एका जुन्या प्रयोगात फार छान दिसतं. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1991 साली प्रसिद्ध केला. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना खोकी दाखवली, ती रिकामी आहेत याची खात्री करून दिली. मग म्हणाले, यातल्या एका खोक्यात ससा आहे असं आपण धरूया. काही मुलांना सशाऐवजी राक्षस आहे असं धरायला सांगितलं. खोक्यात खरंच कुणी आहे का, असं विचारल्यावर मुलांनी नाही म्हणून सांगितलं, हा खोटाखोटा खेळ आहे. एवढं झाल्यावर प्रयोग करणारी व्यक्ती दोन मिनिटं बाहेर निघाली. राक्षसवाल्या गटातल्या काही लहानग्यांनी तिला जाऊच दिलं नाही. जी मागे राहिली त्यातली बरीच त्याच खोक्याजवळ घुटमळली, कुणी हात लावला, कुणी उघडून पाहिलं. नंतर विचारल्यावर अनेकांनी कबूल केलं की, आत खरंच काही असेल की काय, असं वाटलं होतं.

म्हणजे चार वर्षांच्या मुलाला खरं आणि खोटं यातला फरक कळतो. पण एखादी गोष्ट मनात एकदा डोळ्यांसमोर आली की ती खरी होऊन बसू शकते, ही शंका त्याच्या मनातून जात नाही. तीन वर्षांच्या मुलाचं तर विचारायलाच नको. या वयात कल्पनाशक्ती नुकतीच पळायला लागलेली असते. काठीचा घोडा होतो, रिकाम्या कपातला चहा फुंकून प्यायला जातो. ज्या ताकदीने तो दिवसा चहा करतो, त्याच ताकदीने रात्री भिंतीवरचा हात करतो. फरक एवढाच की दिवसा खेळ केव्हा थांबवायचा ते त्याच्या हातात असतं आणि रात्री नसतं.

तपासणीचा आणखी एक तोटा मला आमच्याच घरात दिसला. मोठा माणूस रोज गंभीर चेहऱ्याने कपाट उघडतो, याचा अर्थ मूल काय लावणार? कपाटात काही असू शकतं, म्हणूनच बघावं लागतं. वर टॉर्च हलला की खोलीतली प्रत्येक सावली धावायला लागते. आमच्या नातवाला तर टॉर्चमुळे एकाच्या जागी पाच ‘मोठ्ठे’ मिळाले. एकदा बघणं ठीक आहे. मूल बोलावतंय आणि आपण नाही म्हणतोय, असं होऊ नये म्हणून एकदा जरूर बघावं. पण यादी वाढायला लागली की ओळखावं, हे औषध आता लागू पडत नाहीये. उलट त्याचीच सवय लागते आहे.

आता आमच्या ‘मोठ्ठ्या’ची खरी गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीबाहेर अरुंद बाल्कनी आणि तिच्यापलीकडे रस्त्यावरचा दिवा. बाल्कनीच्या दोरीवर आमच्या ‘ह्यां’चा शर्ट वाळत असायचा. रात्री वारा सुटला की त्या शर्टाच्या बाहीची सावली ग्रिलमधून समोरच्या भिंतीवर पडायची आणि खरोखरच हात हलवायची. नातू खोटं बोलत नव्हता, तो आम्हा सगळ्यांपेक्षा नीट बघत होता. आमच्यापैकी कुणीही दिवा घालवून, त्याच्या उशीवर डोकं टेकवून, त्याच्या उंचीवरून ती भिंत बघितलीच नव्हती. हे पहिलं काम आहे आणि ते सगळ्यांत स्वस्त आहे: रात्री, मूल झोपतं तिथे, दिवा घालवून पाच मिनिटं पडून राहायचं. दारामागच्या खुंटीवरचे कपडे, पंख्याची फिरती सावली, मच्छरदाणीचा लोंबणारा कोपरा, फ्रिजचं गुरगुरणं, सगळं तेव्हा भेटतं.

झिरोच्या बल्बचंही असंच. बरेच जण तो खाली, प्लगच्या उंचीवर लावतात, कारण आता तसेच मिळतात. पण दिवा खाली असला की खुर्चीची, बाहुलीची सावली वर चढते आणि छतापर्यंत पोचते. वस्तू दिव्याच्या जितकी जवळ, तितकी तिची सावली मोठी. त्यामुळे दिवा अशा जागी हवा की त्याच्यासमोर टांगलेलं, ठेवलेलं काही नसेल. रंग पिवळट किंवा लालसर बरा. निळा-पांढरा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनला जास्त मारतो, आणि लहान मुलांचे डोळे त्या बाबतीत मोठ्यांपेक्षा हळवे असतात. ट्यूबलाइट चालू ठेवून झोपवणं म्हणजे भीतीचा उपाय करताना झोप घालवणं.

शर्ट काढला की काम संपलं असतं, असं तुम्हाला वाटेल. सूनबाईंनी तेच सुचवलं. मी म्हटलं, थांब. शर्ट गुपचूप नाहीसा झाला तर ‘मोठ्ठा’ गेला कुठे, हा प्रश्न राहणार. उद्या तो पडद्यात येऊन बसेल.

भीतीबद्दल बोलायची वेळ रात्री नऊची नसते. त्या वेळी मूल दमलेलं असतं, आपल्यालाही भांडी दिसत असतात. मी संध्याकाळी पाचला, दूध-बिस्कीट झाल्यावर, कागद आणि खडू घेऊन बसले. ‘तुझा तो मोठ्ठा कसा आहे रे?’ एवढंच विचारलं. त्याने एक गोळा काढला आणि त्याला दोन लांब रेघा. पाय नव्हते. ‘याला पाय नाहीत?’ ‘नाहीत. तो चालत नाही. हात हलवतो.’ इथे मोठ्या माणसाने जिभेला आवर घालायचा असतो. दात आहेत का, नखं आहेत का, असं आपण विचारलं की दात आणि नखं उगवतात. जे त्याने काढलं तेवढंच बघायचं.

मग अंधार पडल्यावर, पण झोपायच्या बरंच आधी, आम्ही हॉलमध्ये टॉर्च जमिनीवर ठेवला आणि समोर स्टीलचा डबा. डबा टॉर्चजवळ नेला की भिंतीवर पिंपाएवढा, लांब नेला की वाटीएवढा. दोन मिनिटांत टॉर्च त्याच्या ताब्यात गेला. स्वतःच्या हाताची सावली छताएवढी करून ‘मी मोठ्ठा!’ म्हणून तो ओरडला. हे तीन-चार संध्याकाळी झालं. त्यानंतर एका रात्री तो माझ्या कडेवर, झोपायच्या खोलीत, आणि त्याचा बाबा बाल्कनीत. ‘बाबा, हात हलव!’ म्हटलं की बाबाने शर्टाची बाही हलवायची. भिंतीवरचा हात हलला. ‘थांब!’ म्हटलं की थांबला. हा खेळ त्याने इतक्या वेळा करवून घेतला की बाबाचा हात दुखायला लागला. मग त्याला स्वतःला बाही हलवायची होती.

यातून त्याला प्रकाशाचं शास्त्र समजलं, असा माझा दावा नाही. हॅरिस यांची मुलंही खोकं रिकामं आहे हे समजून चुकलीच होती. इथे उपयोग झाला तो वेगळा. जी गोष्ट त्याच्यावर चालून येत होती, ती त्याच्या हुकमाने हलली आणि थांबली. आणि हे हळूहळू, भीतीच्या वेळेपासून दूर, कुणाच्या तरी कडेवर बसून झालं. या पद्धतीला शंभर वर्षं झाली. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 साली पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. तो सशाला भयंकर घाबरायचा. त्याला आवडीचं खायला देऊन ससा पिंजऱ्यात लांब ठेवला, मग थोडा जवळ, पुढे आणखी जवळ, आणि शेवटी पीटर त्याच्याशी खेळायला लागला. ससा एकदम मांडीवर टाकला असता तर काय झालं असतं, ते सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

आमच्याकडे मधेच एक विघ्न आलं, आणि ते घरातलंच होतं. एका दुपारी नातू जेवत नव्हता म्हणून आजोबा बोलून गेले, ‘लवकर खा, नाहीतर बागुलबुवा येईल.’ चाळीस वर्षांपूर्वी याच वाक्यावर त्यांनी आपल्या मुलाला जेववलं होतं. त्या रात्री ‘मोठ्ठ्या’ला नाव मिळालं. आपल्या घरांतून बागुलबुवा, झोळीवाला, पोलीसमामा, इंजेक्शनवाले डॉक्टर अशी एक फौज आपणच पाळलेली असते. दिवसा तिला जेवण भरवायला कामाला लावतो आणि रात्री म्हणतो, असं काही नसतं रे. मूल गोंधळेल नाहीतर काय? ‘ह्यां’ना मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यानंतर त्यांनी तो शब्द काढला नाही.

मग बागुलबुवाला काढायचा कसा? ‘असं काही नसतं’ हे वाक्य सात-आठ वर्षांच्या मुलाला चालतं. कॅलिफोर्नियातल्या लिआत सायफान आणि क्रिस्टिन लगाटुटा यांनी 2009 साली चार, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना चित्रांतून गोष्टी दाखवल्या, ज्यात एक मूल काहीतरी भीतिदायक बघतं. त्याची भीती कशी जाईल, असं विचारलं. सात वर्षांची मुलं ‘ते खरं नाही, हे त्याने आठवावं’ या अंगाने बोलायची. लहान मुलांचा ओढा खेळाच्या आतच राहून उपाय करण्याकडे होता: राक्षस चांगला आहे असं धरायचं, त्याच्याशी दोस्ती करायची. लहान मुलाची भीती गोष्टीच्या भाषेत बोलते, तर उत्तरही त्याच भाषेत दिलेलं त्याला पटतं.

इथे काही घरांत ‘राक्षस पळवणारं पाणी’ फवारतात. बाटलीत साधं पाणी, वर चिठ्ठी. मला ते फारसं आवडत नाही. बाटली मोठ्यांच्या हातात असते, गावाला जाताना विसरते, आणि फवारावं लागतं म्हणजे राक्षस आहेच. काही मुलांना त्याने बरं वाटतं हे खरं. पण त्यापेक्षा चांगली एक युक्ती आहे, आणि ती नीट तपासून पाहिलेली आहे.

2006 साली लेबनॉनच्या युद्धात उत्तर इस्राएलमधली कुटुंबं तंबूंच्या छावणीत येऊन राहिली होती. मुलं रात्री झोपत नव्हती. अवी सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते सात वर्षांच्या मुलांना एक कापडी कुत्र्याचं पिल्लू दिलं, लांब हातांचं, गळ्यात पडणारं. सांगितलं ते असं: हे पिल्लू एरवी आनंदी असतं, पण आता घरापासून लांब आलंय म्हणून उदास आहे. त्याला एक चांगला मित्र हवा. तू त्याला सांभाळशील? मुलांचा ताण कमी झाला, आणि जी मुलं पिल्लाला जास्त जीव लावत होती त्यांचा अधिक. पुढे 2012 साली जोनाथन कुशनिर आणि सादेह यांनी हेच रात्री फार घाबरणाऱ्या, चार ते सहा वर्षांच्या 104 मुलांवर करून पाहिलं. काहींना सांगितलं, पिल्लाला तू सांभाळ. काहींना सांगितलं, पिल्लू तुला सांभाळेल. दोन्ही गटांची भीती कमी झाली आणि सहा महिन्यांनंतरही ती कमीच होती.

आमच्याकडे पिल्लू नव्हतं, एक कान उसवलेला कापडी हत्ती होता, गजू. सूनबाईंनी झोपताना सांगितलं, ‘गजूला अंधारात एकटं वाटतं. तो हाक मारत नाही, नुसता गप्प बसतो. त्याला जवळ घेशील?’ त्या रात्री मी दाराबाहेरून ऐकलं. नातू गजूला समजावत होता, ‘घाबरू नको. आजोबांचा शर्ट आहे.’ जे वाक्य आम्ही त्याला दहा वेळा सांगितलं होतं, ते त्याने स्वतः कुणाला तरी सांगितल्यावर खरं झालं.

पण ‘तो तू गेल्यावर येतो’ हा मूळ प्रश्न राहिलाच होता. आपल्याकडे तीन वर्षांचं मूल बहुतेक आईबापांजवळच झोपतं. त्यामुळे भीतीची जागा वेगळी खोली नसून मधला वेळ असतो: मूल आडवं झालंय, आई मागचं आवरायला उठलीय, झोप अजून लागायचीय. हा वेळ लांबला की भीतीला रान मोकळं. नातू दुपारी पाचपर्यंत झोपायचा आणि रात्री नऊला त्याला आडवं करायचे, म्हणजे तो दहापर्यंत टक्क जागा. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाची आणि रात्रीची मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, त्यातली किती दुपारी खर्च करायची हे ठरवावं लागतं. आम्ही त्याला साडेतीनला उठवायला लागलो. तो मधला तास वीस मिनिटांवर आला.

त्या वीस मिनिटांसाठी सूनबाईंनी जाण्यायेण्याचा नियम केला. ‘मी कुकर खाली उतरवून येते,’ म्हणायचं, जायचं, आणि एका मिनिटात, त्याने हाक मारायच्या आधी परत यायचं. हाक मारल्यावर आलं तर हाकेमुळे आई येते, हे तो शिकतो. आधी आलं तर आई येतेच, हे शिकतो. परत आल्यावर गप्पा नाहीत, दिवा नाही, फक्त पाठीवर हात. तीन रात्री एक मिनिट, मग दोन, मग पाच. सहाव्या रात्री सूनबाईंना फोन आला, त्या बोलत राहिल्या, पंधरा मिनिटं गेली आणि आतून किंकाळी आली. पुन्हा दोन रात्री एका मिनिटावर यावं लागलं. तसं होतंच. पाचावर असताना एका रात्री त्या परत आल्या तर तो झोपला होता, गजूच्या सोंडेवर गाल ठेवून.

हे सगळं खऱ्या भीतीसाठी. पाणी हवं, शू आली, दुसरी उशी, आणि मग आठवण झाल्यासारखं ‘मला भीती वाटते’, हे आपण सगळे ओळखतो. घाबरलेलं मूल मागण्या बदलत नाही. त्याचं अंग ताठ होतं, तळवे ओले होतात, नजर एकाच जागी लागलेली असते. नाटक करणारं मूल मजेत असतं. मात्र घाबरल्यावर रोज मोबाईल हातात मिळत असेल तर पहिल्याचं दुसरं व्हायला आठवडा लागत नाही.

झोप लागून तास-दोन तासांत मूल किंचाळत उठतं, डोळे उघडे, पण आपल्याला ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, हा प्रकार वेगळा. ते गाढ झोपेतलं दचकणं असतं. त्याला जागं करून समजावायला जाऊ नये. लागणार नाही एवढं बघावं, बहुतेक वेळा काही मिनिटांत ते आपोआप शांत होतं. आणि मूल दिवसाही एकटं शू करायला जाईना, जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे असंच चाललं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. भीतीला राक्षसाऐवजी ओळखीच्या माणसाचं नाव येत असेल तर हसण्यावारी नेऊ नये. शांतपणे, आपण नावं न सुचवता, त्याला बोलू द्यावं, आणि तोपर्यंत त्या माणसाजवळ एकटं सोडू नये.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस आला आणि मुलाने ओला रेनकोट दारामागच्या खुंटीवर लटकवला. रात्री दिवा घालवल्यावर नातू अंथरुणातून म्हणाला, ‘आजी, तो रेनकोट बाथरूममध्ये ठेव ना.’

‘का रे, तुला भीती वाटते?’

‘मला नाही. गजूला वाटते.’

मी उठले आणि रेनकोट बाथरूममध्ये नेऊन ठेवला.